सत्र शुल्क, एक चौकोनी कोड आणि उचंत खात्यातल्या त्र्याऐंशी नोंदी

तालुक्याच्या गावातली ही विनाअनुदानित प्राथमिक शाळा आहे. शिशुवर्गापासून सातवीपर्यंत ३८६ विद्यार्थी असून त्यांपैकी ६१ जण शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर प्रवेश मिळालेले, म्हणजे शुल्क न भरणारे आहेत. उरलेल्या ३२५ विद्यार्थ्यांकडून वर्षातून दोनदा शुल्क घेतले जाते आणि त्या वर्षी दुसऱ्या सत्राचे शुल्क प्रत्येकी ६,४०० रुपये होते. शाळा एका शिक्षण मंडळाची आहे, बँकेतले खातेही मंडळाच्याच नावावर आहे, आणि मंडळाचे अंतर्गत लेखापरीक्षण माझ्याकडे असल्यामुळे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तिथे गेलो होतो. शाळेचे नाव इथे महत्त्वाचे नाही, त्यामुळे ते देत नाही.

त्या दिवाळीपर्यंत शुल्क रोखीने किंवा धनादेशाने भरले जाई. पालक खिडकीपाशी येत, भाऊसाहेब (कार्यालयातल्या लिपिकाला तिथे सगळे असेच म्हणतात) पैसे मोजून घेत, विद्यार्थ्याचे नाव आणि इयत्ता विचारत आणि पावती फाडून देत. या पद्धतीत एक गोष्ट न बोलता आपोआप होत होती, ती म्हणजे पैसे आणि मुलाचे नाव एकाच वेळी, एकाच माणसासमोर येत होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापिकांनी कोड स्कॅन करून शुल्क भरण्याची सूचना काढली, तेव्हा खिडकीवरची ही भेट संपली, पण तिच्या जागी काय आणायचे हे सूचनेत कुठेच नव्हते.

मूळ सूचना अशी होती :

"सर्व पालकांना कळविण्यात येते की, द्वितीय सत्राचे शुल्क भरण्यासाठी शाळेने आता ऑनलाइन सुविधा उपलब्ध करून दिली आहे. सोबत दिलेला क्यूआर कोड आपल्या मोबाइलमधील कोणत्याही यूपीआय ॲपमधून स्कॅन करावा, रक्कम टाकावी व पिन टाकून पैसे पाठवावेत. पैसे पाठविल्यानंतर स्क्रीनशॉट वर्गशिक्षकांना पाठवावा. शुल्क दि. ३० नोव्हेंबरपर्यंत भरावे. — मुख्याध्यापिका"

या सूचनेत चुकीचे असे काही नाही. वाक्ये सरळ आहेत, पायऱ्या बरोबर क्रमाने आल्या आहेत, आणि कोणत्याही बँकेचा कर्मचारी ती वाचून मान डोलावेल. १८ नोव्हेंबरला ती प्रत्येक वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर कोडच्या चित्रासह गेली आणि पहिल्याच संध्याकाळपासून पैसे येऊ लागले. खिडकीत कोडच्या उभ्या फलकाशेजारी बँकेने दिलेले बोलके यंत्र ठेवलेले होते, ते रात्री साडेदहाला कुलूपबंद कार्यालयात "सहा हजार चारशे रुपये प्राप्त झाले" असे मोठ्याने सांगू लागले, तेव्हा शिपाईमामा टॉर्च घेऊन बघायला गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या यंत्राची वायर काढून ठेवली.

३० नोव्हेंबरला भाऊसाहेबांनी बँकेचा उतारा काढला, त्यात शुल्कासारख्या दिसणाऱ्या २९७ जमा नोंदी होत्या. त्यांपैकी २१४ नोंदी कोणत्या विद्यार्थ्याच्या हे कळत होते, तर ८३ नोंदींचे, म्हणजे ४,२३,०४० रुपयांचे, धनी कोण हे कळत नव्हते. ही रक्कम त्यांनी नियमाप्रमाणे उचंत खात्यात, म्हणजे धनी ठरेपर्यंत पैसे तात्पुरते दाखवण्याच्या खात्यात, टाकली आणि दुसरीकडे वर्गशिक्षकांनी शुल्क न भरलेल्यांची यादी करून आठवणीचे संदेश पाठवायला सुरुवात केली. ज्यांनी पैसे भरले होते त्यांनाच पैसे भरा असे सांगितले जात होते आणि पालक साहजिकच चिडले होते. माझ्यासमोर आलेले प्रकरण ते हेच.

त्या ८३ नोंदी उलगडायला आम्ही दोघे दोन दिवस बसलो. त्या रकमेनुसार वेगळ्या केल्या की त्यांची कारणेही आपोआप वेगळी होत गेली, म्हणून तसाच क्रम इथे ठेवतो.

सर्वांत मोठा गठ्ठा ६,४०० रुपयांच्या ३७ नोंदींचा होता. रक्कम अगदी बरोबर होती, पण उताऱ्यात पैसे पाठवणाऱ्याचे नाव येते, विद्यार्थ्याचे नाही. वडिलांचे नाव असेल तर आडनावावरून अंदाज बांधता येतो, परंतु शाळेत पाटील आडनावाचीच १९ मुले होती आणि उताऱ्याच्या अरुंद रकान्यात नाव अर्धेच छापले जात असल्यामुळे पहिल्या नावाची चारपाच अक्षरेच हाती लागत होती. कित्येकांनी पैसे शेजाऱ्याच्या, दुकानमालकाच्या, माहेरच्या माणसांच्या फोनवरून पाठवले होते. एका मुलीचे शुल्क सुरतेत कामाला असलेल्या मामाने भरले होते आणि त्या आडनावाचे एकही मूल शाळेत नव्हते.

"मग स्क्रीनशॉट कशासाठी मागितले होते?" असे मी विचारले, तेव्हा भाऊसाहेबांनी उत्तर न देता चौथीच्या बाईंचा फोन समोर ठेवला. वर्गाच्या गटावर पैसे भरल्याची चित्रे होती, पण त्यांच्यामध्ये शुभसकाळचे संदेश, गृहपाठाची छायाचित्रे आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता, शिवाय निम्म्या चित्रांत खालचा भाग कापला गेल्यामुळे ज्याची खरी गरज होती तो बारा अंकी व्यवहार क्रमांकच दिसत नव्हता. हा क्रमांक पैसे देणाऱ्याच्या ॲपमध्ये `UTR` किंवा `UPI Ref No` या नावाने दिसतो आणि तोच क्रमांक शाळेच्या बँक उताऱ्यातही छापलेला असतो. दोन्हीकडे सारखी असणारी खूण ही एवढीच. नाव अर्धवट येऊ शकते, वेळ काही मिनिटांनी वेगळी दिसू शकते, रक्कम तर सगळ्यांचीच सारखी असते, पण हे बारा अंक जुळले की शंका उरत नाही. सूचनेत स्क्रीनशॉट मागितला होता, क्रमांक मागितला नव्हता, आणि स्क्रीनशॉट हा तसाही पुरावा नव्हे, कारण हुबेहूब दिसणारे खोटे स्क्रीनशॉट बनवणे आता पोराटोरांनाही जमते. पावती उतारा पाहूनच फाडायची असते.

दुसरा गठ्ठा विचित्र होता. उताऱ्यात २,००० रुपयांच्या २१ आणि ४०० रुपयांच्या ७ नोंदी होत्या. भाऊसाहेबांना वाटले होते की काही पालकांनी हप्ते पाडून घेतले. उलगडा झाला तो तिसरीतल्या एका मुलाची आई खिडकीवर आली तेव्हा. तिने तिचा फोन माझ्यापुढे धरला आणि मला आधीच सुचायला हवे होते ते दाखवले. कोडचे चित्र तिला तिच्याच फोनवर आलेले होते, आणि ज्या फोनच्या पडद्यावर कोड आहे त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन कसा करणार? म्हणून तिने चित्र गॅलरीत साठवले आणि ॲपमधून ते निवडले. गॅलरीतून निवडलेल्या कोडला मात्र अनेक ॲप एका व्यवहारात २,००० रुपयांची मर्यादा लावतात. फसवणूक करणारे लोक अशीच चित्रे पाठवून पैसे उकळतात म्हणून ही खबरदारी आहे, आणि ती लागू होते की नाही हे ॲप कोणते आणि घेणारा बँकेने पडताळलेला विक्रेता आहे की नाही यावर ठरते. तिच्या ॲपने ६,४०० रुपये नाकारले. "सर, शेवटची तारीख होती, मग मी दोन-दोन हजार तीनदा पाठवले आणि वर चारशे," असे ती म्हणाली. तिचा हिशेब चोख होता. सात घरांनी, एकमेकांना न विचारता, नेमके हेच केले होते, आणि म्हणून सात विद्यार्थ्यांच्या २८ नोंदी झाल्या होत्या.

मला या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. सूचनेतले "कोड स्कॅन करावा" हे वाक्य भिंतीवरच्या फलकासाठी बरोबर होते. तेच वाक्य कोडच्या चित्रासह फोनवर पाठवले की जवळजवळ अशक्य होते, कारण बहुतेक घरांत दुसरा स्मार्टफोन हाताशी नसतो. कागदावर छापलेली सूचना मुलाच्या डायरीला लावून घरी पाठवली असती, तर अडचण आली नसती.

उरलेल्या नोंदी लवकर उलगडल्या. ५,००० आणि १,४०० अशा चार जोड्या होत्या. नवा फोन घेऊन त्यात यूपीआय नव्याने सुरू केले की पहिले चोवीस तास ५,००० रुपयांच्या वर रक्कम जात नाही, आणि दिवाळीत नवा फोन घेतलेली ही चार घरे होती. बारा हजार आठशेच्या नऊ नोंदी सख्ख्या भावंडांच्या होत्या, त्या वडिलांना फोन करताच सुटल्या. एक नोंद ६४० रुपयांची होती, तिच्याकडे मी शेवटी येतो.

सहा हजार चारशेच्या त्या ३७ नोंदींत आणखी दोन प्रकार लपलेले निघाले. एक रक्कम शिक्षण हक्क कायद्याखाली प्रवेश मिळालेल्या मुलाच्या वडिलांनी भरली होती. सूचना सरसकट सगळ्या गटांवर गेली, त्यात "सर्व पालकांना" असे लिहिलेले होते, आणि मुख्याध्यापिकांचे पत्र आले म्हणजे भरायला हवे असे मानून त्या माणसाने उसने घेऊन पैसे पाठवले. ते पैसे आम्ही त्याच दिवशी परत केले. दोन पालकांनी शुल्क दोनदा भरले होते. त्यांच्या फोनवर पहिला व्यवहार "प्रलंबित" असा अडकून राहिला होता आणि खात्यातून रक्कम गेलेली दिसत होती, म्हणून भीतीने त्यांनी तासाभरात पुन्हा पाठवले. नंतर पहिलाही व्यवहार पूर्ण झाला. अशा वेळी काय करायचे याबद्दल रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम अगदी स्पष्ट आहे. विक्रेत्याला केलेले यूपीआय व्यवहार खात्यातून वजा होऊनही समोर पोचल्याची खातरी झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, आणि त्याहून उशीर झाला तर बँकेने ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. म्हणजे पालकाला थांबता येते, पण शेवटची तारीख डोक्यावर असताना थांबण्यासाठी शाळेने आधी तसे लेखी सांगायला हवे.

नोंदींमध्ये न दिसणारी, फक्त बोलण्यातून कळलेली एक अडचणही होती. कोड स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी पडद्यावर घेणाऱ्याचे बँकेतले नाव येते. इथे शाळेचे नाव न येता शिक्षण मंडळाचे नाव, तेही इंग्रजी आद्याक्षरांत आणि शेवटी कापलेले, येत होते. ते पाहून बरेच पालक थबकले आणि निदान वीसजणांनी तरी तिथेच व्यवहार रद्द करून रोख आणून दिली. मला विचाराल तर हे वीसजण सूचना देणाऱ्यांपेक्षा शहाणे होते. नाव ओळखीचे नसेल तर पिन टाकू नये हाच नियम आहे, आणि कुणी सूचनेतले कोडचे चित्र बदलून तीच सूचना पुढे पाठवली असती, तर तिला अडवणारी तेवढी एकच जागा होती. पण नाव काय दिसेल हे शाळेने आधी सांगितलेलेच नव्हते, त्यामुळे खरे नाव पाहून थांबणारा आणि खोटे नाव पाहूनही पुढे जाणारा, दोघांनाही शाळेने सारखेच अंधारात ठेवले होते.

मुख्याध्यापिकाबाईंनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, तो मला आवडला. त्या म्हणाल्या, "यातले किती सूचनेने सुटेल आणि किती सुटणार नाही, ते आधी सांगा." खरे तर गॅलरीची मर्यादा, नाव, प्रलंबित व्यवहार, शिक्षण हक्काचे विद्यार्थी हे सगळे सूचनेच्या मजकुराने सुटण्यासारखे होते. पैसे कोणत्या मुलाचे हा प्रश्न मात्र मजकुराने अर्धाच सुटणार होता, कारण उरलेला अर्धा कोडमध्येच होता.

खिडकीवरचा कोड हा स्थिर कोड आहे. त्यात फक्त खात्याचा यूपीआय पत्ता आणि नाव असते, रक्कम नसते आणि विद्यार्थी तर नसतोच. प्रत्येक पालकाने रक्कम स्वतः टाकायची, जमलेच तर टीप लिहायची. टीप लिहायला सांगावे हा पहिला उपाय भाऊसाहेबांनी सुचवला होता, पण दोघांच्या फोनवर करून पाहिले तेव्हा एका ॲपमध्ये टीप लिहिण्याची जागाच आली नाही, आणि दुसऱ्यातून लिहिलेली "इयत्ता ४ थी ब" ही टीप बँकेच्या उताऱ्यात कुठेच उतरली नाही. टिपेवर विसंबून हिशेब ठेवता येत नाही हे त्या दहा मिनिटांत स्पष्ट झाले.

दुसरा मार्ग प्रत्येक विद्यार्थ्याचा वेगळा कोड काढण्याचा आहे. स्कॅन केल्यावर ॲपला मिळणारा मजकूर साधारण असा असतो :

```
upi://pay?pa=shalafee@bank&pn=SHIKSHAN%20MANDAL&am=6400.00&tr=2S4B0217&tn=TERM2-4B-17&cu=INR
```

यात `pa` हा पैसे घेणाऱ्याचा पत्ता, `pn` नाव, `am` रक्कम, `tn` टीप आणि `cu` चलन. आपल्या कामाचा खरा घटक म्हणजे `tr`, म्हणजे घेणाऱ्याने दिलेला संदर्भ क्रमांक. वरच्या उदाहरणात तो दुसरे सत्र, चौथी ब आणि सामान्य नोंदवहीतला क्रमांक २१७ असा बांधलेला आहे. रक्कम आतच असल्यामुळे बहुतेक ॲपमध्ये ती बदलता येत नाही आणि शून्य कमी-जास्त पडण्याची शक्यता संपते. मात्र असे कोड फुकटच्या संकेतस्थळावर घरी बनवून छापण्यात अर्थ नाही. कोड चालेल, पैसेही येतील, पण संदर्भ क्रमांक शाळेपर्यंत परत पोचण्यासाठी बँकेच्या शुल्कसंकलन सेवेत शाळा विक्रेता म्हणून नोंदलेली असावी लागते आणि रोजचा अहवाल त्या क्रमांकासह मिळावा लागतो. मंडळाच्या बँकेने ही सेवा द्यायला कागदपत्रांसह सहा आठवडे घेतले. बँक खात्यातून केलेल्या यूपीआय व्यवहारांवर जानेवारी २०२० पासून विक्रेत्याला शुल्क द्यावे लागत नसल्यामुळे मंडळाने पालकांवर "सुविधा आकार" लावण्याचा विषयही तिथेच मिटला.

पुढच्या जूनमध्ये पहिल्या सत्रासाठी नवी सूचना निघाली. तिचा मसुदा मुख्याध्यापिकाबाईंनीच केला, मी दोन ठिकाणी हात लावला. ती पूर्ण देतो.

"जावक क्रमांक … दिनांक …

मा. पालक, सप्रेम नमस्कार.

विषय : प्रथम सत्राचे शुल्क क्यूआर कोडद्वारे भरण्याबाबत.

पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मान्य केल्याप्रमाणे प्रथम सत्राचे शुल्क रु. ६,४०० (शिकवणी शुल्क ५,२००, ग्रंथालय व संगणक ८००, सत्र शुल्क ४००) असून ते दि. ३० जूनपर्यंत भरावयाचे आहे. शिक्षण हक्क कायद्यान्वये २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी कोणतेही शुल्क भरू नये. त्यांना शुल्कपत्र दिलेले नाही.

सोबतच्या छापील शुल्कपत्रावर आपल्या पाल्याचे नाव, इयत्ता व कोड आहे. हा कोड फक्त आपल्याच पाल्याचा आहे, त्यामुळे दोन पाल्य असल्यास दोन्ही पत्रांवरील कोड वेगवेगळे स्कॅन करावेत व रक्कम एकत्र पाठवू नये. पैसे कोणाच्याही फोनवरून भरले तरी चालतील.

कागदावरील कोड ॲपच्या कॅमेऱ्याने स्कॅन करावा. कोडचा फोटो काढून गॅलरीतून निवडल्यास काही ॲप २,००० रुपयांपुढील रक्कम स्वीकारत नाहीत. शाळा कोणताही कोड व्हॉट्सॲपवर पाठवणार नाही, असा कोड आल्यास तो शाळेचा नाही असे समजावे व पैसे पाठवू नयेत.

स्कॅन केल्यावर पडद्यावर शिक्षण मंडळाचे नाव, शुल्कपत्रावर चौकटीत छापले आहे तसेच, दिसेल. दुसरे नाव दिसल्यास पिन न टाकता कार्यालयाशी संपर्क साधावा. रक्कम ६,४०० आपोआप येईल.

व्यवहार 'प्रलंबित' दिसल्यास पुन्हा पैसे पाठवू नयेत. बारा अंकी व्यवहार क्रमांक शुल्कपत्राच्या मागे लिहून ठेवावा. त्या पालकांना शेवटच्या तारखेनंतर सात दिवसांची मुदत राहील व विलंब शुल्क लागणार नाही.

पैसे जमा झाल्यावर दोन शालेय दिवसांत पावती पाल्यासोबत पाठविली जाईल. पावती मिळाली म्हणजेच शुल्क भरले असे समजावे, स्क्रीनशॉट पाठविण्याची आवश्यकता नाही. रोखीने अथवा धनादेशाने शुल्क पूर्वीप्रमाणेच कार्यालयात स्वीकारले जाईल.

आपली, मुख्याध्यापिका"

मी हात लावलेली पहिली जागा पावतीच्या वाक्याची. मसुद्यात "पावती कार्यालयातून न्यावी" असे होते, पण तसे ठेवले असते तर खिडकीवरची गर्दी दुसऱ्या दाराने परत आली असती. दुसरी जागा शुल्काच्या फोडीची. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत वजावट फक्त शिकवणी शुल्काला, तीही दोन मुलांपुरती मिळते, म्हणून नोकरदार पालक मार्चमध्ये फोड मागायला येतातच, ती पावतीवर आणि सूचनेवर एकदाच लिहिलेली बरी. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीचा उल्लेख बाईंनी स्वतःहून केला होता. शुल्क विनियमनाच्या २०११ च्या राज्य कायद्याने शुल्काला मान्यता देण्याची जबाबदारी त्या समितीवर टाकलेली आहे, आणि नव्या पद्धतीने शुल्क मागताना ते नव्याने वाढवलेले नाही हेही त्याच वाक्यातून पालकांना कळते.

छपाईत एक चूक राहिलीच. शुल्कपत्रे शाळेच्या जुन्या झेरॉक्स यंत्रावर काढली आणि कोड दोन सेंटिमीटरचा ठेवला. विद्यार्थ्याचा संदर्भ आत आल्यामुळे मजकूर लांबतो, मजकूर लांबला की कोडचे ठिपके बारीक आणि दाट होतात, आणि टोनर थोडा पसरला तरी कॅमेरा नुसता शोधत बसतो. वर दुसरीच्या मुलांनी कागदाची घडी नेमकी कोडवरून घातली. पहिल्या गठ्ठ्यातली चाळीसेक पत्रे परत आली. पुढची साडेतीन सेंटिमीटरची, चहूबाजूंनी पांढरी जागा सोडून आणि घडी पडणार नाही अशा वरच्या कोपऱ्यात छापून दिली, ती चालली. स्कॅन होते का हे आता भाऊसाहेब प्रत्येक वर्गाच्या गठ्ठ्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या पत्रावर स्वतःच्या फोनने, पिन न टाकता, बघून घेतात.

जूनअखेर २८१ विद्यार्थ्यांचे शुल्क कोडवरून आले आणि बँकेच्या अहवालात सगळे संदर्भ क्रमांकासह होते. तीन पालकांनी पत्र हरवल्यामुळे खिडकीतला जुना फलक स्कॅन केला, त्यांच्या नोंदी व्यवहार क्रमांकावरून जुळवल्या आणि त्यानंतर तो फलक कपाटात गेला. बाकीच्यांनी रोख किंवा धनादेश दिला. साधा फोन वापरणारे आजी-आजोबा, जे नातवंडांना एकटेच सांभाळतात, ते अजून खिडकीवरच येतात आणि त्यांच्यासाठी ती सकाळी अकरा ते एक उघडी असते.

मामाच्या नोंदीचा उलगडा फेब्रुवारीतल्या पालकसभेत झाला. मुलीच्या आईने फोनवरून सुरतेला विचारून बारा अंक सांगितले, भाऊसाहेबांनी उताऱ्यावर बोट ठेवले आणि नोव्हेंबरच्या तारखेची पावती तिथेच लिहिली. ती ६४० रुपयांची नोंद मात्र तशीच राहिली. रक्कम टाकताना एक शून्य राहून गेले असणार हे उघड आहे. ते ज्या पालकाचे, त्याने नंतर पूर्ण ६,४०० पुन्हा भरले असावेत, कारण त्या सत्राचे थकबाकीदार कुणी उरले नाही. आम्ही सूचनाफलकावर तारीख आणि रक्कम लावली, वर्गावर्गांत विचारले, बँकेलाही पत्र दिले. ३१ मार्चच्या ताळेबंदात उचंत खात्यासमोर ६४० हाच आकडा आहे आणि त्यापुढे मी पेन्सिलीने व्यवहार क्रमांक लिहून ठेवला आहे.